अर्धा पगार टांगणीला

मी गोंदियात ट्रॅक्टर विकते. हे वाक्य मी आजही जरा मोठ्यानेच बोलते. पहिल्यांदा शोरूममध्ये उभी राहिले तेव्हा येणारा शेतकरी माझ्याकडे बघून विचारायचा, "साहेब कुठे गेले?" आता तोच शेतकरी भावाला घेऊन येतो आणि सांगतो, "या बाईले विचार, खरं सांगते." साहेब शब्द माझ्यामागे कधी लागला नाही, मॅडम लागला. चालतं मला.

ही गोष्ट मी मॅनेजर झाले त्या वर्षाची आहे.

आमचे सेठजी जुने व्यापारी, माणूस वाईट नाही, पण खर्च दिसला की त्यांच्या कपाळावर आठी पडते. त्या वर्षी उन्हाळ्यात त्यांनी आम्हा विक्रीवाल्यांना केबिनमध्ये बोलावलं. "चार-चार महिने ग्राहक नहीं, और पगार पूरा. ये कब तक चलेगा? अब से आधा फिक्स, आधा व्हेरिएबल. माल बेचो, पैसा लो."

तोवर आमचा हिशेब सरळ होता. टार्गेट पूर्ण केलं तर महिन्याकाठी तीस हजार. त्यातले चोवीस हजार फिक्स, काहीही झालं तरी पहिल्या तारखेला खात्यात. उरलेले सहा विक्रीवर, तिमाही संपली की एकत्र. सेठजींच्या नव्या रचनेत बेरीज तीसच राहणार होती, पण पंधरा फिक्स आणि पंधरा विक्रीवर. शिवाय टार्गेटच्या ऐंशी टक्क्यांच्या खाली घसरलो तर विक्रीवरचे काहीच नाही, शून्य. ही अट आधीपासून होती, पण सहा हजार बुडणं वेगळं आणि पंधरा बुडणं वेगळं.

केबिनमध्ये माझ्याशेजारी आमच्यातला सर्वांत जुना विक्रेता बसला होता. कामठ्याचा, मी त्याला भाऊ म्हणते. त्याचा चेहरा बघून मला कळलं की याचं काहीतरी अडलं आहे. बाहेर आल्यावर विचारलं.

"मॅडम, मुर्री गावाले प्लॉट घेऊन ठेवला ना," तो म्हणाला. "घर बांधाचा आहे. बँकवाला मनते, फिक्सच धरतो. व्हेरिएबल धराचा तर दोन वर्षाचा रेकॉर्ड पायजे, अन् त्यातलाबी अर्धाच धरते. चोवीसवर लोन भेटत होता. पंधरावर कोन देते?"

घरात कमावणारा तो एकटा. दोन मुली शिकत होत्या, म्हातारे आईवडील होते. भाड्याच्या दोन खोल्यांत सगळे. कर्ज मिळालं नाही तर प्लॉटवर गवत वाढत राहणार, एवढं साधं होतं ते.

मला संताप आला. माझा संताप लगेच येतो आणि उशिरा जातो, हे घरचे सगळे जाणतात. पण त्या दिवशी मी एक चांगलं काम केलं. तशीच केबिनमध्ये घुसले नाही. घरी गेले, भाजी चिरता चिरता विचार केला.

सेठजींचं एक म्हणणं खरं होतं. विक्री पडली की पगाराचा बोजा त्यांच्यावर येतो. पण नव्या रचनेत तो बोजा नाहीसा होत नव्हता. तो फक्त त्यांच्या गल्ल्यावरून उठून आमच्या घरातल्या डब्यांवर येऊन बसत होता. धान उशिरा निघालं, सरकारी खरेदी केंद्रावरचे शेतकऱ्यांचे चुकारे रखडले, तर ट्रॅक्टर खपत नाही. यात विक्रेत्याचा काय दोष? आणि दुसऱ्याची जोखीम अंगावर घ्यायची तर तिचा मोबदला नको? बेरीज तीसच ठेवून जोखीम तेवढी वाढवायची, ही शुद्ध पगारकपात होती. तिला प्रोत्साहन म्हणायचं, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेले तेव्हा डोकं थंड होतं, आवाज मात्र थंड नव्हता.

"सेठजी, दोन रचना ठेवा," मी म्हटलं. "ज्याला झेपतं त्याने अर्धा-अर्धा घ्यावा, पण मग टार्गेटला तीस नाही, छत्तीस. अठरा फिक्स, अठरा विक्रीवर, आणि टार्गेटच्या वर गेला की दर वाढता. ज्याला झेपत नाही त्याला जुनंच राहू द्या, ऐंशी-वीस."

"सब वही पुराना लेंगे."

"घेऊ द्या. पोरं दोन आहेत लग्न न झालेली, ती नवं घेतील. तुमचा फिक्स खर्च तेवढा उतरेल."

सेठजी खुर्चीत मागे रेलले. मग त्यांनी आपला पत्ता टाकला. मॅनेजर सोडून गेला होता, जागा रिकामी होती. "ठीक है. पर मॅनेजर की पोस्ट तुम लो, और वो फिफ्टी-फिफ्टी में होगी. पूरे शोरूम के टार्गेट पर. चवालीस में बाईस फिक्स. मंजूर?"

माणूस हुशार. मी सगळ्यांसाठी बोलते आहे की स्वतःसाठी, ते तो तपासत होता. मी क्षणभर घरचा विचार केला. नवरा तिरोड्याच्या वीज केंद्रात बांधल्या पगारावर आहे. त्याचा पगार उन्हाळा बघत नाही, पावसाळा बघत नाही. म्हणजे आमच्या घरात एक पाय जमिनीवर होता. दुसरा उचलायला हरकत नव्हती. शिवाय कुठलं मॉडेल मागवायचं, कुठल्या गावात डेमो लावायचा, कुणाला किती सूट द्यायची, हे मॅनेजर ठरवतो. ज्याच्या हातात लगाम त्याने धक्का जास्त सोसावा, हे मला आजही पटतं.

"मंजूर," मी म्हटलं.

आईला फोन केला तर ती आधी आनंदली, मग तिने आकडा विचारला.

"बावीस? आधी चोवीस होते ना वो?"

"फिक्स बावीस. बाकीचे विक्रीवर."

"बढती झाली मनतेस अन् हातात येनारा पैसा कमी? हे कोनची बढती? काऊन घेतलीस?"

तिला समजावता समजावता माझीच बॅटरी संपली. नवऱ्याने मात्र एवढंच विचारलं की किती महिने शून्य आलं तरी आपण तरू. मी म्हटलं, सहा. तो म्हणाला, मग झालं. असा नवरा मिळाला याचाही मला अभिमान आहे, तेही लिहून टाकते.

आणि मग पहिलीच पूर्ण तिमाही आपटली. जुलै ते सप्टेंबर. बुकिंग भरपूर होती. पण आमची विक्री बुकिंगवर मोजत नाहीत, नोंदणी होऊन ट्रॅक्टर ग्राहकाच्या ताब्यात गेला की मोजतात. त्या वर्षी पितृपक्ष नेमका सप्टेंबरच्या अखेरीला आला. आमचं घर बौद्ध, आमच्याकडे पितर नाहीत, म्हणून टार्गेट लावताना माझ्या डोक्यात ते आलंच नाही. सेठजींच्या घरी ते काटेकोर पाळतात, आणि तरी त्यांच्याही डोक्यात आलं नाही! पैसे भरलेले शेतकरी हात जोडून सांगू लागले, "मॅडम, दसऱ्याले नेतो. पित्तरात लोखंड घरी आनत नाई."

मी आमच्या वस्त्यांमधून फिरले. तिथे मुहूर्ताची अडचण नव्हती, काही ट्रॅक्टर तसे गेलेही. तरी ऐंशी टक्क्यांचा उंबरठा थोडक्यात हुकणार हे दिसायला लागलं.

तेव्हा भाऊ माझ्या टेबलाशी आला. हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, कागदावर नोंदनी करून टाकू ना. ट्रॅक्टर राहील आपल्याच आवारात. शेतकऱ्यायले कायले सांगाचा? तुमचा अर्धा पगार जाऊन राहिला."

तो माझ्यासाठी बोलत होता, स्वतःसाठी नाही. तो जुन्याच रचनेत राहिला होता, त्याचं नुकसान छोटं होतं. मी जर पंधरा-पंधरात अडकलेली एकटी बाई असते, तर काय केलं असतं? मला खरंच माहीत नाही. अर्धा पगार टांगणीला लागला की सरळ माणसालाही वाकडी वाट दिसते, हे मी त्या आठवड्यात शिकले. पण ज्याने विश्वासाने पैसे भरले, त्याच्या नावावर त्याला न विचारता पितृपक्षात गाडी चढवायची? नाही म्हणाले. जरा ओरडूनच म्हणाले. मग त्याला चहा पाजला.

तिमाहीला मला शून्य आलं. तीन महिने बावीसवर काढले. आईने दर रविवारी "मी मनलाच होता" हे ऐकवलं. दसऱ्याला मात्र शोरूमच्या आवारात जागा पुरेना. झेंडूच्या माळा घातलेले ट्रॅक्टर एकामागून एक बाहेर पडले, दिवाळीनंतर धान विकलेले नवे ग्राहक आले, आणि वाढत्या दराने माझ्या वाट्याला जे आलं त्यातून मागचा खड्डा भरून वर शिल्लक राहिली. सेठजींनी चेक देताना आठी घातली नाही. पुढच्या वर्षीचं टार्गेट मी दसरा-पितर बघून लावणार, हे त्यांनी मान्य केलं.

जानेवारीत भाऊची फाइल पुढे सरकली. बँकेने सहा महिन्यांच्या स्लिपा मागितल्या होत्या, त्यात तो आपटलेला काळही होता. मॅनेजर म्हणून पगाराच्या दाखल्यावर सही माझी, म्हणून अधिकाऱ्याने मलाही बोलावलं. सहाही स्लिपांवर त्याचा फिक्स चोवीसच होता, एक रुपया हललेला नव्हता. अधिकाऱ्याने मान डोलावली. मंजूर होईल म्हणाला. भाऊ खुर्चीच्या कडेवर बसला होता, तो आता पहिल्यांदा मागे टेकला.

बँकवाल्यांनाही टार्गेट असतं. अधिकारी लगेच माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्हीपण घ्या ना घर. फिक्स किती तुमचा?"

"बावीस."

त्याने पेन थांबवला. एकदा भाऊकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मॅनेजर तुम्ही ना? मग यांचा फिक्स तुमच्यापेक्षा जास्त कसा?"

भाऊ खाली बघू लागला. मी पदर नीट केला आणि ट्रॅक्टर विकताना निघतो त्याच आवाजात सांगितलं, "कारण तो मी ठरवलाय."