आत उतरलेला गोखला

नानाने मला आजवर एकूण किती वेळा मारलं याचा हिशेब लावायचा तर धुळे ते जळगाव रस्त्यावरची झाडं मोजावी लागतील, आणि ती आता रुंदीकरणात गेली. पण एका शाम्पूच्या बाटलीपायी मी त्याचा जो मार खाल्ला, तो वेगळा. त्यात माझा एक दात गेला. दुसरा हलला, तो अजून हलतोय, आणि मटण असलं की मला त्या बंगल्याची आठवण येते.

नाना माझा नात्यातला कोणी नाही. तो धुळ्याकडचा गवंडी, मी त्याच्या हाताखाली थापी धरायला शिकलो, आणि पुढे फरशी-टाइल्सच्या कामात पडलो. तो भिंती बांधायचा, मी त्या झाकायचो. वीस वर्षं आमची जोडी अशी चालली की लोक कामाला बोलावताना दोघांचा मिळून एकच फोन लावत. नाना चिडला की हातात जे असेल ते फेके. थापी फेकली तर समजायचं, मूड चांगला आहे.

तर, यावलकडच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याने जळगावात बंगला काढला होता. त्याला सगळे आबा म्हणत. आबांच्या सूनबाईंनी सांगितलं, दोन्ही बाथरूमात शॉवरजवळ भिंतीतच गोखला, म्हणजे कोनाडा, पाहिजे, शाम्पूच्या बाटल्या ठेवायला. खालच्या मजल्यावर एक, वरच्या मजल्यावर एक. कोपऱ्यात लटकवायचं ते लोखंडी जाळीचं मांडणं त्यांना नको होतं, चार महिन्यांत गंजतं म्हणाल्या. बरोबरच होतं.

नानाने दोन दिवसांत दोन्ही गोखले काढले. नऊ इंची भिंत, त्यात साडेचार इंच आत, वर कडाप्प्याची पट्टी टाकून. प्लास्टर तर असं गुळगुळीत की माशी बसली असती तर घसरून पडली असती. मी आलो तो वॉटरप्रूफिंगचं केमिकल, ब्रश आणि जाळीच्या पट्ट्या घेऊन. आधी सवयीप्रमाणे गोखल्याच्या बुडावर लेव्हल ठेवली.

बुडबुडा बाहेरच्या बाजूला पळाला. म्हणजे बाहेरची कड उंच, आतली खाली. तीन-चार मिलिमीटरचा उतार, अगदी हवा तेवढा, फक्त उलटा.

मी टेप काढली. उंची एक फूट. कच्ची! खाली-वर केमिकल, चिकटवायचा माल आणि टाइल धरली की दीड इंच तिथेच खल्लास. राहिले साडेदहा. सूनबाईंची दाबायच्या तोंडाची लिटरची बाटली अकरा इंच. साडेचार इंच खोलीचं जमतं, कारण आत जेवढं भरतं तेवढीच बाहेरची भिंतही टाइलने पुढे येते. उंचीला ती सवलत नाही.

नाना चहाला गेला होता. आता शहाणा माणूस थांबला असता. मी शहाणा असतो तर फरशीच्या धंद्यात आलो असतो का? मला वाटलं, तो यायच्या आत खालचा तळ फोडून टाकावा, तीन इंच खाली उतरवावा, नवा उतार बाहेर काढून द्यावा, आणि नाना आला की म्हणावं, नाना, बाटली मोठी निघाली. त्याचं नाक शाबूत, माझं काम नीट. मी छन्नी लावली आणि हातोडा घातला.

चौथ्या घावाला मागून आवाज आला.

"हाऊ मना गोखला शे."

मी वळतो तोच ओल्या मालाने भरलेलं घमेलं माझ्या छातीवर आलं. घमेल्यामागून नाना. पाच बाय सातचं बाथरूम, दोन गडी, एक शिडी आणि कोपऱ्यात पाइप जोडत बसलेला प्लंबर. प्लंबर उठून पळायला गेला आणि नानाची पहिली चपराक त्यालाच बसली. दुसरी मला. तिसरी भिंतीला, आणि देवाशपथ सांगतो, भिंतीला पोचा आला.

"माले शिकाडी ऱ्हायना का रे? चाळीस वरीस गोखले करी ऱ्हायनू मी!"

"नाना, पानी मांगे चालनं! पानी आत जाई!"

"जाऊ दे! तेल बी आतच जास!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, म्हणजे अर्धा नानाच्या ठोशाने आणि अर्धा खरोखरचा. नानाने आयुष्यभर जे गोखले केले ते दिव्याचे. दिव्याच्या गोखल्याचा तळ आम्हा खान्देशी लोकांत जरा आत उतरता ठेवतात, म्हणजे सांडलेलं तेल भिंतीवरून ओघळत नाही, पणती पुढे घसरत नाही. त्याच्या हाताने न विचारता तेच केलं होतं. चाळीस वर्षांचा हात एकदम कसा वळणार?

पण हे मी त्याला समजावणार केव्हा? त्याने माझं डोकं काखेत धरलं होतं. मी त्याच्या दंडाला चावलो. खोटं नाही, चावलो. त्याने मला शिडीवर आपटलं, शिडी माझ्यावर आपटली, आणि मी हातात आलेला पाइपाचा तुकडा त्याच्या मनगटावर हाणला. मनगट लगेच टम्म सुजलं. त्याने डाव्या हाताने ठोसा मारला. दात तेव्हा गेला. तो ड्रेनेजच्या तोंडातून खाली गेला. नंतर प्लंबर म्हणाला, काढून देऊ का? मी म्हटलं, राहू दे, बंगला मजबूत होईल.

आबा धावत आले. हातात शेतावरची काठी.

"काय चालू हाये बे हे? मह्या घरात खून पाडता का? कोन चुकलं ते सांगा. ज्याचं चुकलं, त्यानं आत्ताच्या आत्ता सामान उचलाचं!"

माझ्या तोंडातून रक्त गळत होतं, ते बरंच झालं, बोलावं लागलं नाही. कारण खरं बोललो असतो तर नानाला आबांनी लोकांसमोर हाकललं असतं. साठीच्या गवंड्याला एकदा असं हाकललं की गावभर होतं, आणि त्याला पुढे कोण भिंत देणार? आणि गप्प बसलो असतो तर त्या उलट्या गोखल्यावर मला टाइल लावावी लागली असती. मग रोजच्या अंघोळीचं पाणी आत साठून टाइलच्या सांध्यातून भिंतीत, आणि भिंतीपलीकडे सूनबाईंचं कपाट.

सूनबाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी ना मला विचारलं ना नानाला. बादलीतून मग भरला आणि म्हणाल्या, "वरचा गोखला अजून शाबूत आहे ना? चला."

सगळी वरात जिन्याने वर गेली. पुढे त्या, मागे आबा काठीसह, मग नाना मनगट धरून, मग मी तोंड धरून, शेवटी गाल धरून प्लंबर. सूनबाईंनी वरच्या गोखल्यात पाणी ओतलं.

पाणी मागच्या भिंतीला जाऊन टेकलं आणि तिथेच बसलं. एक थेंब बाहेर आला नाही. प्लास्टर हळूहळू काळं पडत गेलं.

"हे असं केलं कोणी?" सूनबाईंनी विचारलं. आवाज चढवला नाही, हेच वाईट.

मी थुंकलो आणि म्हणालो, "मीच सांगितलं होतं त्यांना. माप बी माझं, उतार बी माझा."

फाड! नानाची डाव्या हाताची चपराक इतकी कडक की मला तिथून अमळनेरचं स्टेशन दिसलं, फलाटासकट.

"माले भीक देस का रे?" नाना ओरडला. डोळे लाल झाले होते. मग तो आबांकडे वळला. "गोखला मी करा. चूक मनी शे. ह्याना काही संबंध नही. बठ्ठी चूक काढीसन देसू, मंग जासू."

"नाना, मी रागात बोललो," आबा म्हणाले. काठी केव्हाच खाली गेली होती. "जायाचं काही नाही. नीट करा म्हनजे झालं."

"बोलनं ते बोलनं," नाना म्हणाला, आणि सुजल्या हाताने हातोडा उचलून आपल्याच गोखल्याच्या तळावर असा घातला की विटेचे तुकडे खिडकीबाहेर उडाले. मी माणसाला मारताना नानाला खूपदा पाहिलंय. पण त्या गोखल्याला त्याने जसं मारलं, तसं कुणालाच नाही.

पुढचे सगळे दिवस तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. दोन्ही तळ तीन-तीन इंच खाली उतरवले, विटेचा नवा थर बसवला, प्लास्टर केलं. उतार बाहेर. लेव्हल त्याने माझ्या हातातून हिसकावून घेतली आणि स्वतः ठेवली. आतल्या कोपऱ्यांत सिमेंटचा गोलावा काढला, कारण काटकोनात केमिकल आधी फाटतं. प्लास्टर चांगलं मुरू दिलं. मग कोपऱ्यांवर जाळीची पट्टी, तिच्यावर केमिकलचा पहिला हात उभा. तो सुकेपर्यंत आम्ही दोघं पाठीला पाठ लावून बसलो. दुसरा हात आडवा. गोखल्याबाहेर भिंतीवर वीतभर चौफेर नेला, मग बाकीची भिंत. ब्रश त्याने मला धरूच दिला नाही. मी एकदा हात पुढे केला तर ब्रशची दांडी बोटांवर बसली.

ते सगळं पक्कं वाळल्यावर त्याने मगभर पाणी ओतलं. पाणी सरळ बाहेर आलं आणि आमच्या दोघांच्या पायांवर पडलं. सूनबाईंनी आत बाटली उभी केली. वर टाइलची जाडी धरूनही तीन बोटं जागा राहिली. त्या हसल्या. नानाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. थापी, ओळंबा, गुण्या पिशवीत टाकले आणि चालू लागला. आबा फाटकापर्यंत मागे आले, हात जोडले, चहा तरी घ्या म्हणाले. तो थांबला नाही.

मी स्टँडवर गेलो त्याच्या मागे. पिशवी घ्यायला हात लावला तर त्याने कोपर माझ्या बरगडीत घातलं. धुळ्याची गाडी लागली. तो खिडकीशी बसला. मी खाली उभा. गाडी हलली तशी त्याने खिडकीतून हात काढून माझी कॉलर पकडली आणि मला गाडीबरोबर दहा पावलं फरफटत नेलं.

"खालनी फरशी एकच तुकडा लाव. मझार जोड नको. जर जोड ठेवा, तं परत यीसन मारसू तुले."

कॉलर सुटली, मी आपटलो, गाडी गेली.

परत येऊन मी ग्रॅनाइटची पट्टी मोजली, चिकटवायचा माल कालवला. उरलेल्या फरशीत दोन छोटे तुकडेही पडले होते, मधोमध जोडून अगदी नेमके बसले असते. ते मी हातात घेतले. मग खाली ठेवले, आणि एकच तुकडा लावला.