तवंगाचं वजन

रोज जेवण आटोपलं की ती रिकामं झालेलं पातेलं खिडकीपाशी नेई आणि एका बाजूला कलतं धरी. मग नुसती थांबे. कडांना चिकटलेला रस्सा सावकाश ओघळत खाली जमा होई, त्यावर तेलाचे पिवळे ठिपके तरंगत एकमेकांना जाऊन मिळत, आणि ती मान तिरकी करून बघत राही. धाकटा भाऊ म्हणे, "आमच्या ताईला पातेल्यात स्वप्नं दिसतात."

स्वप्नं नव्हेत, तो तिचा पेशा होता. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात ती आहारतज्ज्ञ होती. कोणत्या रुग्णाच्या पोटात किती गेलं हे सांगणं तिचं काम. नव्याने शिकायला आलेल्या मुली स्वयंपाकात पडलेलं तेल मोजत आणि आकडा सांगून मोकळ्या होत. ती त्यांना परत स्वयंपाकघरात पिटाळी. "घातलं ते सांगितलंत. उरलं किती? कढईतलं, झाऱ्याला लागलेलं, तळणाखालच्या कागदाने प्यायलेलं? ते वजा करा आणि मग या." मुली पाठीमागे तिला 'वजाबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

लग्न तिने केलं नाही. दोन खोल्या, एक वजनाचा काटा, खिडकीत पुदिन्याची कुंडी, असा संसार. जीव सगळा भावात.

त्या वर्षी भावाला न्यूमोनिया झाला. त्यातून तो उठला, घरी आला, पण अंग काही धरेना. हनुवटीखालची कातडी सैल पडली, अंगठी बोटातून निसटू लागली. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयासाठीचं जुनं पथ्य आता पुरे, लोणी घाला, अंडी घाला, आधी ताकद येऊ दे. भावजय तसं मन लावून करत होती. ताई रोज फोन करून विचारी, आज काय घातलं, किती घातलं. "आणि ताटात किती टाकलं?"

"काहीच नाही हो ताई. ताट लख्ख."

ताईने हिशोब केला. आकडा भरपूर येत होता. तिने स्वतःच तो डॉक्टरांना कळवला, आणि डॉक्टर गंभीर झाले. एवढं खाऊन माणूस वाळतो म्हणजे अन्न अंगी लागत नाही, आत काहीतरी बिनसलंय. गुंगी देऊन पोटात नळी घालून बघावं लागेल. अशक्त फुप्फुसांना ती गुंगी कितपत झेपेल याची खात्री तेही देईनात. तारीख ठरली, पुढच्या सोमवारची.

ताई रजा टाकून भावाकडे राहायला आली. काटा पिशवीत होता, पण तो निव्वळ सवयीने.

पहिल्या दुपारी ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिली. खिडकीतून ऊन आत येत होतं, वाफेत शिरून विरत होतं. रात्रभर झोप न झालेल्या डोळ्यांना सगळंच पाण्याखालचं वाटत होतं. पातेल्यात कोंबडीचा रस्सा हलकेच रटरटत होता. भावजयीने तिच्यासमोरच लोण्याचा भलामोठा गोळा त्यात सोडला. तो वितळला, पसरला, आणि वर पिवळा तवंग धरला.

"बघा, हात आखडता घेत नाही मी," भावजय म्हणाली.

"बघतेय ना. कंजूष म्हणायची सोय नाही तुला."

मग भावजय वाढायला लागली. पळीच्या पाठीने तिने तवंग अलगद बाजूला सारला. पळी तळाशी नेली. तुकडा वर आला तो पातेल्याच्या काठाला टेकवून धरला, आणि थेंब थेंब निथळू दिलं. तोंडाने ती दूधवाल्याच्या तक्रारी सांगत होती. पळी मात्र थांबली होती, शेवटचा थेंब पडेपर्यंत.

ताई स्टुलावरून उठली नाही. तिला ऐकू येत होतं ते फक्त टप, टप. दूरवरून, जुन्या कुठल्या दुपारीतून यावं तसं. भावाला हृदयाचा त्रास सुरू झाला तेव्हा तिनेच या भावजयीला, याच ओट्यापाशी उभं राहून, असं निथळून वाढायला शिकवलं होतं.

भाऊ जेवला. ताट लख्ख.

"आणि उरलेलं? तू तर मांस खात नाहीस," ताईने विचारलं.

"मागच्या दारी मांजर येते ना, तिला घालते."

ताईने मागचं दार उघडलं. पायरीवर एक मांजर पसरली होती, उशीसारखी. तिने एक डोळा उघडला आणि मिटला.

"मांजर कसली गं, गादी आहे ही!" ताई म्हणाली आणि तिला एकदम हसू आलं. हसता हसता डोळे भरले.

त्या दिवशी मांजरीला काही मिळालं नाही. ताईने पातेलं थंड होऊ दिलं आणि तसंच फ्रीजमध्ये ठेवलं. उरला होता अर्धा रस्सा, पण म्हणून लोणीही अर्धंच उरलं असं धरून चालणार नव्हतं. लोणी वर राहतं, आणि वाढलं होतं तळातून. संध्याकाळी तवंग गोठून घट्ट चकती झाली होती. तिने ती सुरीने उचलली, टिपून कोरडी केली आणि काट्यावर ठेवली. कोंबडीची स्वतःची चरबी त्यात थोडी असणार, पण कातडी काढलेली होती. लोण्यातलं पाणीही तिने हिशोबातून वगळलं. तरी उत्तर तेच. घातलेल्या स्निग्धांशातला तिसरा हिस्साही भावाच्या पोटात गेला नव्हता. दोन्ही जेवणं धरली तर दिवसाला सहाशेच्या वर कॅलरी मांजर खात होती.

भावजय काट्याकडे बघत उभी होती. "म्हणजे मी उपाशी ठेवलं ह्यांना?"

"अगं वेडे, तू त्याला जपलंस. निथळायला मीच शिकवलं होतं. मी सांगितलेलं तुझा हात अजून ऐकतोय, आणि मी ते विसरून गेले. मुलींना जन्मभर बजावलं, उरलेलं वजा करा. घरच्या पातेल्यापाशी मात्र घातलेलंच मोजत बसले."

भावजय पदराने डोळे पुसून म्हणाली, "मग आता ह्या हाताचं काय करू?"

"हाताला राहू दे. आपण लोण्याची जागा बदलू."

दुसऱ्या दिवसापासून लोणी रश्श्यात पडेना. ते कुस्करलेल्या बटाट्यात घोटलं जाई, गरम दुधात घुसळलं जाई. तिथून ते निथळणार कुठे? ताईने डॉक्टरांना फोन करून चुकलेला आकडा दुरुस्त केला. मग ते म्हणाले, सोमवार रद्द, महिनाभर वजन बघू.

"आणि मांजरीचं?" भावाने पलंगावरून विचारलं. आजारपणानंतरचा त्याचा तो पहिला विनोद.

पहिल्या आठवड्यात भावाच्या वजनाचा काटा हलला नाही. त्या दिवसांत ताई घरात पावलं न वाजवता वावरे, जसं काही मोठ्याने चाललं तर काहीतरी उडून जाईल. दुसऱ्या आठवड्यात वजन किंचित वाढलं. महिना संपताना अंगठी बोटात बसली. नळीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

निवृत्त झाल्यावर ती दोन खोल्या सोडून त्यांच्याकडेच आली. वर्षं गेली. भाऊ चांगला भरला, जरा जास्तच. नणंद-भावजय त्याच्या पोटावरून त्याला टोमणे मारत, आणि तो दोघींना दोष देत पुन्हा वाढून घेई.

एका दुपारी, जेवणानंतर, ताई नेहमीप्रमाणे पडायला गेली. त्या झोपेतून ती उठली नाही. जाताना दारात थांबून तिने भावाकडे पाहिलं होतं. त्याचा शर्ट पोटावर ताणला होता.

"ते बटण तुटायला आलंय रे," ती म्हणाली. "शर्ट काढून खुर्चीवर ठेव. उठले की घट्ट करून देते."