सरूबाईला माफी नको होती

सरूबाई माझी अशील. मनोरीची कोळीण, बोरिवलीच्या मासळी बाजारात बसते. तिच्याइतकी जळकी बाई मी आयुष्यात पाहिली नाही, आणि वकिलीत मी बऱ्याच पाहिल्यात. कोर्टाच्या पायऱ्यांवर सख्खे भाऊ एकमेकांच्या चपलांकडे बघून जळतात. पण सरूबाईचं जळणं निराळं. ती सकाळी उठून आधी जळायची आणि मग चहा प्यायची.

जळायची ती धाकट्या जावेवर, जानकीवर. दोघींचे ओटे एकाच बाजारात. जानकीचा दारासमोर, येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या थेट नजरेत. सरूबाईचा आत, खांबाच्या मागे. दारासमोरचा ओटा आधी सासूचा होता. सासू थकली, तेव्हा सगळी वाडी धरून चालली होती की तो थोरल्या सुनेला मिळणार. म्हातारीनं तो धाकटीला दिला. का दिला, हे तिनं थोरलीला सांगितलं नाही आणि थोरलीनं कधी विचारलं नाही. सासू वारली, दोघी जावा तिच्या पायाशी रडल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून सरूबाई जानकीला पाण्यात पाहू लागली. आपल्याकडे म्हणतातच, जावा जावा उभा दावा.

"तिच्याकडे काय हाय गो?" ती मला विचारायची. "पापलेट तेच, बरफ तोच. फक्त ती तोंडासमोर बसते. आणि फोनवर फोटो टाकते, टॉवरवाल्या बायकांना. मासळीचे फोटो! मेलेल्या मासळीचे कुणी फोटो काढतं?"

"तुम्ही पण टाका," मी म्हटलं.

"तिचं बघून टाकू? मी?"

यातूनच ती सकाळ घडली. सरूबाईचं जुनं गिऱ्हाईक, शुभा नावाची बाई, वर्षानुवर्षं तिच्याकडूनच सुरमई नेणारी, त्या दिवशी जानकीच्या ओट्याशी थांबली. सरूबाईनं ते खांबाआडून वाकून पाहिलं. हातातला कोयता खाली ठेवला आणि तरातरा गेली. त्या बाईसमोर जानकीला नको नको ते बोलली आणि दोन्ही हातांनी ढकललं. खाली बर्फाचं पाणी, मासळीची घाण. जानकी उजव्या हातावर पडली आणि मनगट मोडलं.

कोयता खाली ठेवला, ही तिच्या आयुष्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट, आणि तीही चुकून झाली असणार. हातात कोयता असता तर घातक हत्यारानं दुखापत केल्याचं कलम लागलं असतं. ते कलम मॅजिस्ट्रेटपुढे मिटवता येत नाही, दोन्ही जावा गळ्यात गळे घालून उभ्या राहिल्या तरी नाही. मग थेट हायकोर्ट गाठावं लागतं. आता लागलं होतं ते गंभीर दुखापतीचं आणि जोडीला अपमानाचं. हाड मोडलं की दुखापत गंभीर धरतात. शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते. पण ते तडजोडीनं मिटतं, फक्त कोर्टाची परवानगी लागते.

सात वर्षं हा आकडा ऐकल्यावर सरूबाईचं तोंड पहिल्यांदा बंद झालं. तुरुंगाची भीती तिला खरीच वाटत होती. "आत टाकलं तर माझा ओटा ती घेणार," एवढंच म्हणाली.

चार्जशीट आलं, तारखा पडू लागल्या. आणि एक दिवस मधुकर तांडेल माझ्या ऑफिसात आले. वाडीतले मोठे. होड्यांच्या भांडणापासून लग्नाच्या बोलणीपर्यंत सगळं त्यांच्या ओटीवर मिटतं. त्यांच्यासोबत चंदू, म्हणजे जानकीचा नवरा, सरूबाईचा दीर. पोलिसात तक्रार त्यानंच दिली होती, कारण जानकी तेव्हा हॉस्पिटलात होती.

"मिटलं, वकीलबाई," मधुकरअण्णांनी कागद पुढे ठेवला. "पंच बसले, बोलणं झालं. चंदूनं नोटरीकडे प्रतिज्ञापत्रपण केलंय. आता तुमी फक्त कोर्टात लावा."

मी कागद वाचला. पंचांच्या सह्या, चंदूची सही, सरूबाईचा अंगठा. तक्रार नाही, भांडण नाही, सगळे गुण्यागोविंदानं राहतील.

"जानकीची सही कुठाय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तक्रार चंदूनं दिली ना," अण्णा म्हणाले. "मग मागे पण चंदूच घेणार."

"हात कुणाचा मोडला?"

"तिचा."

"मग मिटवायचा हक्कपण तिचा. कायदा तक्रार देणाऱ्याला विचारत नाही अण्णा, ज्याला दुखापत झाली त्याला विचारतो. चंदूनं शंभर कागद केले तरी चालायचे नाहीत. तुम्ही तिला विचारलंत का?"

"बायकांना काय विचारायचं त्यात? चंदू सांगेल तिला."

मला इतका राग आला की कागद त्यांच्याच हातात परत दिला. बाईनं बाईला ढकललं, बाईचं हाड मोडलं आणि तडजोड पुरुषांनी चहा पिऊन केली. "तिला सांगून आणलेली सही कोर्टात टिकत नाही," मी म्हटलं. "साहेब तिला समोर उभं करून विचारतात. दबाव आहे का, आमिष आहे का. ती गप्प जरी राहिली, तरी अर्ज गेला."

चंदू हळूच म्हणाला, "ती नाय म्हणते."

"काय नाही म्हणते?"

"म्हणते, मला कुणी विचारलं? सरूबाईनं स्वतः येऊन विचारायचं. पंचांनी नाय, तुमी नाय. तिनं."

हे सरूबाईला सांगायचं काम माझ्यावर आलं. ती एकटी आली, खुर्चीच्या कडेवर बसली, ऐकून घेतलं आणि उसळली.

"मना नको तिची माफी! केस चालवा."

"माफी नाही, संमती. आणि केस चालली तर तो अख्खा बाजार साक्षीला येईल. सगळ्यांनी पाहिलंय."

"मग मना शिक्षा होऊ दे. पण ती उद्या बाजारात सांगत फिरेल, मी सोडली म्हणून सरू सुटली. टॉवरवाल्या म्हणतील, काय गुणाची बाई! ओटा तिचा, गिऱ्हाईक तिचं, आता मोठं मन पण तिचंच?"

मी हसले नाही. बाई खरंच बोलत होती. तुरुंगाची भीती एका पारड्यात, जावेचा चांगुलपणा दुसऱ्यात, आणि दुसरं जड होत होतं. "सरूबाई," मी म्हटलं, "तुम्ही आत गेलात तर खांबामागचा ओटापण जाईल. मग जळायला बसणार कुठे?"

ती उठून गेली.

नंतर मला बाजारातून कळलं ते असं. दुसऱ्या दिवशी ती जानकीच्या ओट्यासमोर जाऊन उभी राहिली. भर बाजारात, गिऱ्हाइकांच्या पुढ्यात. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सही करतस काय नाय?" जानकीनं मासळीवरची नजर न काढता उत्तर दिलं, "करते." संपली विनवणी. पंचांना कागद करूनही जे जमलं नाही ते दोन वाक्यांत झालं.

मग मी कागद नव्यानं केले. अर्ज जानकीच्या नावाचा, की माझ्यावर झालेल्या गुन्ह्यात मी स्वखुशीनं तडजोड करते आहे, कोर्टानं परवानगी द्यावी. त्यासोबत तिचं प्रतिज्ञापत्र: दबाव नाही, पैसे घेतले नाहीत, आरोपी माझी सख्खी जाऊ, वाद घरचा, हात बरा झाला आहे. सरूबाईचं वेगळं: याआधी कुठल्याही गुन्ह्यात शिक्षा नाही, पुन्हा असं वर्तन करणार नाही. चंदूचा कागद मी फायलीत मागे टाकला.

"पुन्हा करणार नाय म्हणजे मी केलं असं होतं ना?" सरूबाईनं अंगठा वरच धरला.

"नाही होत. यात कबुली नाही. परवानगी मिळाली की तुम्ही निर्दोष सुटता, निर्दोष असाच हुकूम निघतो."

"तिच्या कृपेनं."

"कायद्याच्या कृपेनं. लावा अंगठा." लावला, पण असा की कागदाला भोक पडावं.

तारखेला आम्ही बोरिवलीच्या कोर्टात. सरूबाई आरोपीच्या जागी, नवं लुगडं नेसून, कारण जानकी नवी साडी नेसून येणार हे तिला ठाऊक होतं. ती तशीच आली. सरकारी वकिलांनी जानकीचं आधारकार्ड पाहिलं, तपास अधिकाऱ्यानं ओळख पटवली, आणि आमची हरकत नाही असं अर्जावर लिहून दिलं.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी अर्ज सावकाश वाचला. मग जानकीला पुढे बोलावलं. "हा मजकूर तुम्हाला समजला? कुणी सांगितलं म्हणून सही केलीत का?"

"समजला, साहेब. कुणी नाय सांगितलं."

"हाड मोडलं होतं तुमचं. गुन्हा लहान नाही. का मिटवताय? वाडीतून दबाव आहे?"

जानकीनं एकदा सरूबाईकडे पाहिलं. साहेबांना शंका आली की परवानगी अडते, आणि तिनं एक शब्द इकडचा तिकडे केला असता तर सगळं गेलं असतं.

"दबाव नाय," ती म्हणाली. "ती माझ्यावर जळते, सगळ्या बाजाराला माहीत हाय. पण साहेब, मी पण तिच्यावर जळते. पयल्यापासून. सासूनं मना दारासमोर बसवलं तेव्हा काय म्हणाली माहीत हाय? म्हणाली, सरूला खांबामागे बसवली तरी लोक तिला शोधत जातील. तुझं तसं नाय, तुला पुढे बसवायला लागेल. त्या दिवशी ती बाई माझ्याकडे थांबली ना, ती मना विचारत होती, सरूबाई आज आली काय. आता मी काय तिला तुरुंगात घालू? तिला शोधत येणारेच माझ्याकडे थांबतात. मग मी बसू कुणाच्या जिवावर?"

कोर्टात कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी सरूबाईला विचारलं, तडजोड मान्य आहे का. तिनं नुसती मान हलवली.

साहेबांनी हुकूम सांगितला. पक्षकार जवळचे नातेवाईक, वाद खाजगी, संमती स्वेच्छेची, आधीची शिक्षा नाही. परवानगी मंजूर. आरोपी निर्दोष मुक्त, जामीनपत्र रद्द.

बाहेर व्हरांड्यात आलो. चंदू पुढे रिक्षा बघायला गेला. सरूबाई भिंतीला टेकून उभी राहिली. डोळे भरले होते, पण ते तिला जानकीला दाखवायचे नव्हते, म्हणून ती पदरानं तोंडच पुसत राहिली.

"सासू खरंच असं म्हणाली होती?" शेवटी तिनं विचारलं.

"हां."

"मग एवढी वर्सं मना सांगितलं का नाय गो?"

जानकीनं साडीचा पदर खोचला. "सांगितलं असतं तर तू खूश झाली असतीस."