गाळलेला नियम

शेजारच्या भाजीवाल्या कुटुंबाने विमानाच्या तिकिटाचे इंग्रजी नियम मराठीत करून मागितले, तेव्हा मी ते काम वेदपाठाच्या संथेसारखे श्रद्धेने केले. त्यांची लेक कोचीला असते. विमानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती, आणि त्याआधी आईला तिच्याजवळ पोहोचायचे होते. आई आणि मुलाचे तिकीट अकोल्याच्या एजंटाने काढलेले, एकच सलग: नागपूर ते मुंबई, तिथून कोची.

तारीख बदलल्यास शुल्क आणि भाड्यातला फरक भरावा. न कळवता गैरहजर राहिल्यास भाडे बुडते, फक्त काही कर परत मिळतात. एवढे मी वहीच्या पानावर सोप्या शब्दांत उतरवून दिले. एक ओळ मात्र गाळली. पहिले विमान सोडून दुसऱ्यात कोण बसणार, असे मला वाटले.

प्रयाणाच्या आदल्या दिवशी दुपारी आई आणि मुलगा रिक्षात बसताना दिसले.

"नागपूरला आजच?" मी विचारले.

"नाई गुरुजी, बडनेऱ्याहून रेल्वेनं चाललो," मुलगा म्हणाला. "कल्याणले मामाकडे मुक्काम, मंग मुंबईतून विमान. उलटं नागपूरले काहून जाचं? रेल्वेचं तिकीट नागपूरपासून असलं तरी आपण बडनेऱ्याले चढतोच ना?"

"लेकीला आशीर्वाद सांगा," एवढेच मी बोललो.

तासाभराने जपाला बसलो आणि ती गाळलेली ओळ डोळ्यांपुढे उभी राहिली. मी माळ खाली ठेवली. प्रवासाचे टप्पे क्रमानेच वापरावेत. पहिला टप्पा चुकवल्यास पुढचे सर्व आपोआप रद्द होतील.

मुलाचा फोन लागेना. पाचव्या प्रयत्नानंतर मी अकोल्याच्या एजंटाला फोनवर गाठले.

"मुंबईपासून नवीन तिकीट काढता येईल का?"

त्याने जागा तपासल्या. मग म्हणाला, "उद्याच्या कोचीच्या विमानात एकबी जागा नाई, गुरुजी. त्यायले नागपूरलेच बसा लागते. गाडी कुठं हाय?"

फोन तसाच धरून मी शेजारी गेलो; त्यांच्या सुनेच्या मोबाइलवर रेल्वेचे आरक्षण होते. गाडी मूर्तिजापूर सोडून गेली होती, पुढचे स्टेशन अकोला. मी त्याला डब्याचा क्रमांक सांगितला.

"मी स्टेशनवर जातो," म्हणत त्याने फोन ठेवला.

पुढची वीस मिनिटे मी देवापुढे बसलो. पण ओठांवर नाम येईना. देव्हाऱ्यातली ज्योत निश्चल होती, आणि त्या निश्चलतेचेच मला भय वाटत होते.

एजंटाचा फोन आला. "उतरवलं दोघांयले. सामान दारातूनच ओढलं. नागपूरची गाडी तासाभरात हाय, सकाळच्या विमानाले पोचतीन."

मी श्वास सोडला, तोच फोन आईच्या हाती गेला. मागे फलाटावरची उद्घोषणा ऐकू येत होती.

"गुरुजी," ती शांतपणे म्हणाली, "अजून काय काय गाळलं तुमी?"

 माझ्याकडेच राहिलेला मूळ इंग्रजी कागद काढला, चष्मा पुसला, आणि पहिल्या ओळीपासून तिला मराठीत वाचून दाखवू लागलो.