अहिल्याचं व्हिडिओंचं पंचांग

दिल्लीतल्या मुनिरकाच्या गल्लीत अहिल्याचं बुटीक आहे. मापं तीच घेते, कापते तीच, शिवते तीच आणि संध्याकाळी चिंध्याही तीच झाडते. नवरा गुणवंत केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून घर आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये. रोज सकाळी ती स्कूटरवर येते, शटर वर करते, गणपतीच्या तसबिरीला फूल वाहते आणि मगच मशीनला हात लावते.

यंदा उन्हाळ्यात मात्र हाताला कामच नव्हतं. दुकानाचा भाडेकरार संपत आला होता. "श्रावणातल्या हरियाली तीजेला हिरवं घालायला इथल्या बायका कपडे शिवून घेतात," ती गुणवंतला म्हणाली. "तेव्हाही माझा रॅक भरला नाही, तर पुन्हा करार करायचा नाही. मीच शटर ओढते."

गुणवंत नुसता "बरं" म्हणाला. त्या "बरं"चा तिला फार राग आला.

लेकीचं नाव पूर्वी; ती गुरगावच्या कंपनीत. तिने आईच्या फोनमधले जुने व्हिडिओ पाहिले. सगळे एकसारखे: ड्रेस टांगलेला आणि मागून आईचा आवाज, दहा टक्के सूट.

"आई यार, नुसतं घ्या घ्या घ्या! भाजीवालासुद्धा मधे श्वास घेतो."

"मग काय करू? नाचू?"

"बिल्कुल नाही. आठवड्याला तीन व्हिडिओ टाक. एक ऑफरचा. एक पुराव्याचा, म्हणजे तुझं काम किती चांगलं ते दिसेल असा. आणि एक तुझा."

"माझं काय बघायचंय मेलं?"

"तेच तर लोक बघतात."

दोघींनी दुकानाच्या भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. एका रविवारी साड्या बदलून बदलून पुढचे बरेच व्हिडिओ एकदमच काढले. पुराव्यासाठी शेजारच्या सरोजला विचारून तिचा जुना घट्ट ब्लाउज, उसवलेल्या शिवणी आणि शेवटी नीट बसलेल्या ब्लाउजात तिने आरशासमोर मारलेली गिरकी, असं सगळं टिपलं. तीजेसाठी हिरव्या खणाच्या कुर्त्यांची मोठी ऑफर, ओढणीला पिको मोफत; तिची चिठ्ठी अहिल्याने स्वतः श्रावणाच्या पहिल्या दिवसाच्या चौकोनात चिकटवली. शुभ दिवस!

पहिले व्हिडिओ बरे चालले. सरोजच्या गिरकीवर तर चौकश्याच आल्या. आणि मग एका सकाळी सरोज दारात.

"दीदी, सावन लग गया, आपका हरा कुछ आया ही नहीं? तीज का सूट मैं कहीं और दे दूँ क्या?"

"सावन? अजून आषाढ…" अहिल्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळली आणि चौकोन मोजू लागली. इतकी वर्षं दिल्लीत काढून हे कसं सुटलं? इथला महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. इथल्या बायकांचा सावन पंधरवडाभर आधी लागतो. सावनाच्या मध्यावर तीज, असं ऐकून तिने दिवस मोजले ते आपल्या श्रावणापासून; तीज मात्र सगळ्यांची एकच. तिच्या श्रावणाच्या पहिल्या दिवसानंतर तीज दोन दिवसांवर. तेवढ्यात शिवून कोणाला देणार होती ती?

तिने पूर्वीला फोन केला. "अगं, माझ्या पंचांगाने मला बुडवलं!"

पूर्वी हसत सुटली. "आई, हेच बोल. असंच. कॅमेऱ्यासमोर."

"माझा मूर्खपणा चारचौघांत सांगू?"

"ऑफरची चिठ्ठी आज लाव. आणि आजचा तुझा व्हिडिओ तोच."

तिने तसबिरीकडे पाहून हात जोडले, कटिंग टेबलावर फोन उभा केला आणि हिरवा खण खांद्यावर टाकून पहिल्याच वाक्याला सांगून टाकलं, "बहनों, मुझसे गड़बड़ हो गई। आपका सावन आ गया, मेरा अभी रास्ते में है!" मग भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं, आपल्या चिठ्ठ्या दाखवल्या आणि म्हणाली, "पर तीज आपकी-हमारी एक ही है। रविवार तक माप दीजिए, दुपट्टे का पिको मेरी तरफ से।" खाली दुकानाचा पत्ता आणि व्हॉट्सअ‍ॅप नंबर.

संध्याकाळपर्यंत फोन थांबेना. नोएडाच्या मराठी बायका लिहीत होत्या, "ताई, आमच्या घरी पण दरवर्षी हाच घोळ!" मुनिरकाच्या बायका तर थेट दारात, "वो लेट सावन वाली दीदी आप ही हैं?" सरोज सगळ्यांना जणू दुकान तिचंच आहे अशा थाटात आत बसवत होती.

रविवारनंतर अहिल्याने कोणालाच हो म्हटलं नाही. जेवढं हातून नीट होईल तेवढंच घेतलं.

अहिल्याचा श्रावण लागला त्या सकाळी गुणवंत तिच्याबरोबर दुकानात आला. रॅकवर तयार कपडे असे दाटीवाटीने लटकले होते की तसबिरीपर्यंत हात नेताना हिरव्या बाह्या बाजूला कराव्या लागल्या. तिने फूल वाहिलं. मग भिंतीवरच्या त्या दिवसाच्या चौकोनात नवी चिठ्ठी लावली आणि फोन गुणवंतच्या हातात दिला.

"रॅक पूर्ण दिसू दे. पुराव्याचा व्हिडिओ आहे."

"आणि बोलायचं काय?"

"तीज की बुकिंग बंद," अहिल्या ऐटीत म्हणाली. "आणि हे आटोपलं की घरमालकाकडे जाऊ. करार करायचाय."

"बरं," गुणवंत म्हणाला.

या वेळी तिला राग आला नाही.