एकशे चौदावी ओळ

जन्मनोंदीच्या कचेरीत तिला सगळे चाळणीबाई म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तोंडावर ‘मॅडम’. तिला हे माहीत होतं आणि त्याचं तिला काडीचंही वाटत नव्हतं.

दर महिन्याला एकोणीस दवाखान्यांतून नवजात बाळांचे एक्सेलचे तक्ते यायचे. एक बाळ, एक ओळ. याच तक्त्यांवरून पुढे लसीकरणाची यादी निघायची. चाळणीबाईच्या आधी त्या खुर्चीवर बसणारे गृहस्थ तक्ता उघडायचे, उसासा टाकायचे आणि ‘चुका आहेत, दुरुस्त करा’ एवढंच लिहून परत पाठवायचे. कुठे, कोणत्या, ते देवाला ठाऊक. बाईंनी नियम बसवले. वजन पाचशे ते सहा हजार ग्रॅमच्या मध्ये. तारीख दिवस-महिना-वर्ष याच क्रमाने. फोनचे आकडे दहा. आईचा नोंदणी क्रमांक आणि जन्मतारीख दोन्ही सारखे असलेल्या दोन ओळी दिसल्या, की दुसरी दुबार. प्रत्येक ओळीच्या सगळ्या चुका एकदमच कळवायच्या, म्हणजे एक दुरुस्त केल्यावर दुसरी नव्याने उगवायला नको.

दवाखान्यांना परत जाणाऱ्या चुकांच्या त्या याद्या वाचण्यासारख्या असत. ‘ओळ ३१: वजन ३. ग्रॅममध्ये लिहा, हे बाळ आहे, खडीसाखर नव्हे. शिवाय फोन नऊ आकडी.’ ‘ओळ ५८: जन्म ३१ फेब्रुवारी.’ ‘ओळ ७७: वजनाच्या रकान्यात “गुटगुटीत”. आनंद आहे, पण आकडा द्या.’

साहेबांना मात्र यादीत रस नव्हता. त्यांची नजर थेट शेवटच्या आकड्यावर. शून्य चुका दिसल्या की चहा सांगायचे. घरी सासूबाईही वैतागल्या होत्या. “अगं, वाणसामानाच्या यादीत मी साबण दोनदा लिहिला, तर ‘दुबार’ म्हणून खाली रेघ मारतेस? एक अंगाचा, एक कपड्यांचा!”

“मग तसं लिहायचं ना, आई,” असं बाई म्हणाल्या आणि जेवायला बसल्या.

एका सकाळी खालच्या मजल्यावरून लसीकरणाच्या सिस्टरचा फोन आला. “मॅडम, जरा खाली या. एक बाई माझं डोकं खातेय.”

खिडकीपाशी एक आई उभी होती. दोन्ही खांद्यांवर एकेक बाळ, आणि दोन्ही रडत होती.

“संगणकात एकच बाळ आहे हिचं,” सिस्टर म्हणाल्या.

“मग हे दुसरं काय भाड्याने आणलंय?” आई कडाडली. “लसीसाठी फोन आला तोही एकाच्याच नावाने. मला वाटलं, तुम्हाला मोजता येत नसेल.”

चाळणीबाई वर धावल्या. त्या दवाखान्याचा दुरुस्त तक्ता पूर्ण स्वच्छ होता, शून्य चुका. पण मूळ तक्ता त्या कधी फेकत नसत. दोन्ही शेजारी उघडले. मुळात दोनशे सहा ओळी, दुरुस्तीनंतर दोनशे पाच. आणि त्यांच्या स्वतःच्या यादीत, त्यांच्याच शब्दांत: ‘ओळ ११४: ओळ ११३ची दुबार.’ एकशे तेरामध्ये मुलगी, दोन हजार शंभर ग्रॅम. एकशे चौदामध्ये मुलगा, एक हजार नऊशे. आई तीच, तारीख तीच. तिथल्या कारकुनाने इमानेइतबारे एक ओळ पुसून टाकली होती.

नियमात जुळ्यांना जागाच नव्हती, आणि नियम त्यांनीच केला होता.

त्या साहेबांकडे गेल्या. “सर, मी एक मूल पुसलंय. कदाचित अजूनही असतील.”

साहेबांचा कप ओठांशीच थांबला. “हळू बोला हो! पण तक्ता तर शून्यावर आहे ना?”

“म्हणून तर कळलं नाही.”

दोन दिवस त्यांनी वर्षभराचे मूळ आणि दुरुस्त तक्ते शेजारी मांडले. ती एकशे चौदावी सोडून दुबार म्हणून काढलेल्या आणखी त्रेचाळीस ओळी निघाल्या. सदतीस खरंच दोनदा टाइप झालेल्या, अक्षर न् अक्षर सारख्या. सहांमध्ये वजन किंवा लिंग वेगळं. त्या सहा आयांना बाईंनी स्वतः फोन लावले. सहाही जुळी. पाच घरांनी दुसऱ्या बाळालाही आपणहून नेऊन लस टोचून आणली होती. सहाव्या घरी आजी म्हणाली, “बोलावणं एकालाच होतं, दुसऱ्याचं नंतर येईल म्हटलं.” ते बाळ दुसऱ्याच दिवशी खाली आलं आणि सुई लागताच त्याने इमारत डोक्यावर घेतली.

मग नियम बदलला. तक्त्यात ‘जन्मक्रम’ हा नवा रकाना आला, आणि आई, तारीख, क्रम असं तिन्ही जुळलं तरच दुबार. क्रम भरलेला नसेल आणि वजन किंवा लिंग वेगळं असेल, तर यादीत ‘चूक’ नाही, ‘शंका’: ‘ओळ पुसू नका. दवाखान्यात विचारा.’

साहेब कुरकुरले, “आता शून्य कधी येणार?”

“आलं, तर मला आधी सांगा,” बाई म्हणाल्या. “मी मूळ तक्त्याच्या ओळी मोजून घेते.”