दोन इंचांचा हात

आमचे अप्पा वाफेच्या नळ्यांना कपडे घालायचे. शाळेत वडिलांचा धंदा विचारला की मी असंच सांगायची, आणि वर्ग हसायचा. सोलापूरच्या गिरणीत बॉयलरपासून खात्यांपर्यंत वाफ नेणाऱ्या नळ्यांवर ते ग्लासवूल गुंडाळायचे, वरून तारेची जाळी आवळायचे आणि सिमेंटचा गिलावा करायचे. गिरणीत या कामाला लॅगिंग म्हणत. संध्याकाळी भवानी पेठेतल्या आमच्या खोलीत शिरण्याआधी ते बाहेरच कपडे झटकत. काचेची कुसं अंगाला लागून आम्ही रात्रभर खाजवत बसू नये म्हणून आई ते कपडे वेगळे धूत असे. ते मात्र स्वतः खाजवत बसत आणि वर मलाच विचारत, "आज कालेजात काय खाजवलं, अव्वा?" कानडीत आईला म्हणतात तोच शब्द ते लाडात आले की मला लावत.

जाडी किती ठेवायची याचा त्यांचा नियम एकच होता. वाफ चालू असताना गिलाव्यावर तळहात ठेवायचा आणि दहा मोजायचे. हात टिकला तर काम पास. दोन इंचांवर हात टिकतो, म्हणून सगळीकडे दोन इंच. पंचवीस वर्षं हेच चाललं होतं.

मग सत्तरच्या दशकात इंधन महाग झालं आणि गिरणीत एक तरुण इंजिनियर साहेब आले. जुनं लॅगिंग बऱ्याच ठिकाणी गळून पडलं होतं, ते सगळं नव्याने करायचं ठरलं. साहेबांनी अप्पांना सांगितलं, "मिस्त्री, रोजंदारी सोडा, कंत्राट भरा. पण प्रत्येक नळीपुढे जाडी लिहा आणि त्या जाडीचं कारणही लिहा. पुण्याचा एक कंत्राटदारही भरतोय." सोबत त्यांनी माल विकणाऱ्या कंपनीचं एक पुस्तक दिलं. कोणत्या जाडीला फुटामागे किती उष्णता जाते, याचा तक्ता त्यात होता.

अप्पांना स्वतःचं काम हवं होतं. मुकादमाच्या हाकेला 'जी' म्हणत त्यांची उमर गेली होती. ते पुस्तक त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. मी तेव्हा बी.एस्सी.ला होते, गणित माझा विषय, आणि आपल्याला सगळं येतं असा माझा ठाम समज होता.

हिशोब तसा सोपा होता. पहिला इंच बरीचशी उष्णता अडवतो, दुसरा उरलेल्यातली थोडी, तिसरा आणखी थोडी. म्हणजे जाडी वाढेल तसा वाया जाणारा कोळसा कमी होतो, पण दर इंचाला बचत आटत जाते. खर्च मात्र आटत नाही. पटक्याचा वरचा वेढा खालच्यापेक्षा जास्त कापड खातो, तसा वरचा थर माल जास्त खातो. लॅगिंग दहा वर्षं टिकतं असं अप्पा म्हणाले, म्हणून त्याची किंमत मी व्याजासकट दहा वर्षांवर वाटली. त्यात वर्षभर वाया जाणाऱ्या कोळशाचे पैसे मिळवले. ही बेरीज ज्या जाडीला सगळ्यात कमी, ती जाडी घालायची. आलेखाच्या कागदावर बेरजेची रेघ आधी उतरली, तळाला परातीसारखी सपाट झाली आणि पुन्हा चढली.

बॉयलरहून येणाऱ्या मोठ्या लाइनीला तीन इंच आले.

"तीन?" अप्पा उडालेच. "दोनाला तर हात टिकतोय की!"

"हाताला सोसतं म्हणजे उष्णता जात नाही असं नाही, अप्पा. थोडी थोडी जातेच, आणि ही लाइन तिन्ही पाळ्या चालते."

ते बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघत बसले. मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, जिंकल्याचा आनंद जास्त झाला.

तो फार टिकला नाही. सायझिंग खात्याकडे जाणाऱ्या बारीक लाइनीला मी दोन इंच काढले होते. ताण्याच्या सुताला खळ लावून तिथे ते वाफेवर वाळवतात. अप्पा म्हणाले, "हितं कसलं दोन? ते खातं दिवसपाळीलाच चालतंय. बाकी टायमाला वाफ बंद." मी ती लाइनही चोवीस तास चालू धरली होती! पुन्हा मांडलं तर इंचभरच पुरत होता. जाडी कमी म्हणजे त्यांचीच कमाई कमी, तरी चूक त्यांनीच दाखवली. मी ओशाळून 'एक इंच' लिहिलं.

"थांब," ते म्हणाले. "ती लाइन खात्यात कमरेएवढ्या उंचीवरनं जाती. तेवढ्या पट्ट्याला दोनच लिव्ह."

"का? हिशोबात बसत नाही."

"इंचभरावर हात टिकत न्हाय. तितं बोळ लई अरुंद हाय."

मी चिडले. पुण्याचा माणूस तिथे इंचच लावेल, त्याचा आकडा खाली येईल, काम त्याला जाईल, आणि तुम्ही पुन्हा मुकादमाच्या दारात उभे राहाल, असं सगळं तोंडाला येईल ते बोलले. आई पोळपाट सोडून बघत राहिली. अप्पा एवढंच म्हणाले, "जाऊ दे गेलं तर. तू लिव्ह."

"आणि कारण काय लिहू?"

"लिव्ह की. हितनं माणसं जातात."

मी दात-ओठ खात लिहिलं, 'इथून माणसं जातात.'

दुसऱ्या दिवशी हिशोब समजावायला मला त्यांच्याबरोबर गिरणीत जावं लागलं. साहेबांनी आकडे तपासले, पाळ्यांचे तास वेगळे धरलेत म्हणून खूश झाले आणि त्याच ओळीवर अडले. "मिस्त्री, हे गणितात बसत नाही. बाकी कागद चोख आहे, पण तेवढ्याने तुमचा आकडा पुण्यावाल्याच्या वर जातो."

"न्हाईच बसत, सायेब. गणित बराबर हाय, माज्या लेकीनं केलंय. तुमी एकदा जागा बघा."

आम्ही सायझिंग खात्यात गेलो. एका बाजूला यंत्र, दुसऱ्या बाजूला ती नळी, जुनं लॅगिंग गळून उघडी पडलेली. मधे जेमतेम एका माणसाची वाट. साहेब नळीकडे पाठ करून मला काही विचारत होते, तेवढ्यात सूत गुंडाळलेल्या अवजड रुळाची, म्हणजे बीमची, गाडी ढकलत एक कामगार ओरडला, "बाजूऽऽ!" साहेब मागे सरले. अप्पांनी आपला हात त्यांची पाठ आणि नळी यांच्या मधे घातला. साहेबांचा सगळा भार त्या हातावर आला आणि गाडी पुढे जाईपर्यंत तो हात तिथेच राहिला.

साहेबांना आधी कळलंच नाही. वळून पाहिलं तेव्हा अप्पांच्या कोपराखालची कातडी पांढरी पडली होती. साहेबांनी माझ्या हातातला कागद घेतला, यंत्राच्या पत्र्यावर ठेवला आणि माझ्या त्या ओळीपुढे 'मंजूर' लिहून सही केली.

गिरणीच्या अंगणातल्या नळाखाली मी अप्पांचा हात धरून उभी होते. सोलापूरचा उन्हाळा, पाणी कोमटच येत होतं. मला रडू आवरेना. आदल्या दिवशी ज्या माणसाला मी गणित शिकवायला निघाले होते, त्याच्यावर माझं किती प्रेम आहे हे मला तिथे कळलं.

"रडतीस कशाला, अव्वा?" अप्पा म्हणाले. "दहा तरी मोजले का न्हाय, सांग. मला मोजायचं सुचलंच न्हाय."